भोपळ्याचा वेल, पेरूचा गर, कोंबडीची तंगडी: नववीच्या ऊतींच्या चाचणीची प्रकल्प नोंदवही

६ जानेवारी २०२५, सोमवार

‘जैवतंत्रज्ञानाची ओळख’ या प्रकरणातला ऊतींचा भाग वर्गात शिकवून झाला. २४ तारखेला त्यावर २० गुणांची चाचणी आहे. तोवर नववीच्या मुलांकडून एक वर्गीकरण तक्ता करून घ्यायचा आहे. रकाने चार: ऊतीचं नाव, रचना, स्थान, कार्य.

आज मुलांना पुस्तक मिटून तक्त्याच्या दहा ओळी भरायला सांगितल्या. नावं आणि कार्यं बहुतेकांनी बरी लिहिली. रचनेचा रकाना मात्र अर्ध्या वर्गाने कोरा सोडला, आणि ज्यांनी भरला त्यांनी तिथेही कार्यच लिहिलं. दृढ ऊतीची रचना काय, तर ‘आधार देते’. स्नायू ऊतीची रचना काय, तर ‘हालचाल करते’.

कार्य डोळ्यांना दिसत नाही. सूक्ष्मदर्शीखाली दिसते ती रचना: पेशींचा आकार, भित्तिकेची जाडी, दोन पेशींमधली मोकळी जागा, केंद्रक किती आणि कुठे. स्थान म्हणजे हा तुकडा आपण कुठून घेतला ते. कार्य या दोन्हींवरून ताडायचं असतं. म्हणून हा प्रकल्प उलट्या वाटेने करायचं ठरवलं. आधी नमुना पाहायचा, रचना लिहायची, मग स्थान, मग कार्य, आणि नाव सगळ्यात शेवटी.

नमुने गावातच मिळणारे हवेत. शाळेच्या कुंपणावर लाल भोपळ्याचा वेल अजून हिरवा आहे. आमच्या राहाता भागात सध्या पेरूचा हंगाम आहे. प्राण्यांच्या ऊतींसाठी चिकनच्या दुकानातल्या चाचांना विचारलं. कोंबडीची पायासकट एक तंगडी बाजूला ठेवतो म्हणाले.

८ जानेवारी, बुधवार

भोपळ्याचा वेल. वनस्पती ऊतींसाठी एकच नमुना घ्यायचा झाला तर मी हाच घेईन. एका आडव्या छेदात पाच-सहा ऊती दिसतात, आणि मुलांनी पाठ केलेला एक नियम तो मोडतो. त्याबद्दल पुढे.

छेद घेण्याची कृती सविस्तर लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वर्षी कुणालाही करता येईल.

शेंड्यापासून चौथ्या-पाचव्या पेरामधला तुकडा घ्यायचा. पेन्सिलीएवढा जाड पुरतो. खोड आतून पोकळ असतं, त्यामुळे पूर्ण गोल चकती कापायला गेलं की ती चुरगळते. त्यापेक्षा खोड उभं चिरून दोन कंगोरे आणि मधली खाच येईल एवढीच फाक घ्यावी. नवं ब्लेड, एका कडेला चिकटपट्टी लावलेलं. ब्लेड आणि फाक दोन्ही ओली हवीत. ब्लेड दाबायचं नाही, आपल्याकडे सरकवत ओढायचं. पंधरा-वीस काप सरळ वॉच ग्लासमधल्या पाण्यात पडू द्यायचे आणि त्यातला सर्वांत पारदर्शक निवडायचा. तो अर्धवट असला तरी चालतो. जाड पूर्ण कापापेक्षा पातळ अर्धा काप कधीही चांगला. ब्लेड मी स्वतःच चालवलं. मुलांकडे रंग देणं आणि पाहणं.

रंगासाठी १ टक्का सॅफ्रानिनचे दोन थेंब, मिनिटभर. मग पाण्यात दोनदा धुवायचं, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचं आणि आच्छादन काच तिरकी टेकवून हळूच सोडायची. धुण्यात कंजूषी केली तर सगळंच गुलाबी दिसतं आणि रंग दिल्याचा उपयोग उरत नाही. नीट धुतलं की ज्या भित्तिकांमध्ये लिग्निन आहे त्या गडद लाल राहतात आणि बाकीच्या फिकट होतात. अगदी बाहेरच्या कडेला अपित्वचेवर क्युटिनचा थर असतो, तोही थोडा रंग धरतो. ती लाल रेघ दृढ ऊतीची नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवलं.

१० जानेवारी, शुक्रवार

छेद पाहिला. बाहेरून आत जाताना मुलांनी जे नोंदवलं ते असं.

सर्वांत बाहेर एकपदरी अपित्वचा, तिच्यावर लांब केस. हाताला वेल खरखरीत लागतो तो या केसांमुळे. तिच्या आत कंगोऱ्यांखाली पेशींचे काही थर आहेत. त्यांच्या भित्तिका सगळीकडे सारख्या जाड नाहीत. जिथे तीन-चार पेशींचे कोपरे भेटतात तिथे त्या फुगल्यासारख्या जाड होतात आणि पांढऱ्या चकचकीत दिसतात. लाल रंग नाही. मोकळी जागा जवळजवळ नाही. ही स्थूलकोन ऊती. खाचेत मात्र हे थर विरळ होतात आणि पातळ भित्तिकांच्या, हरितलवकं भरलेल्या पेशी थेट अपित्वचेला येऊन भिडतात. ही हरित ऊती. कंगोऱ्यापेक्षा खाच जास्त हिरवी का दिसते, याचं उत्तर इथे मिळतं.

आणखी आत गेलं की एक नागमोडी लाल पट्टा लागतो. पेशी बहुकोनी, एकमेकींना चिकटलेल्या, भित्तिका सगळ्या बाजूंनी जाड आणि लाल. ही दृढ ऊती. त्याच्या आत मोठ्या, गोलसर, पातळ भित्तिकांच्या पेशी, मध्ये मोकळ्या जागा: मूल ऊती. तिच्यात संवहनी पूल रोवलेले. मधोमध पोकळी.

एका मुलीने विचारलं, “बाई, आधार द्यायला स्थूलकोन आहे, दृढ पण आहे. दोन-दोन कशाला?”

या प्रश्नावर तास गेला, आणि जायलाच हवा होता. कार्याच्या रकान्यात दोघींपुढे ‘आधार देणे’ लिहिलं तर दोन ऊती वेगळ्या कशाला मोजायच्या, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर रचनेत आहे. स्थूलकोन ऊतीची पेशी जिवंत असते, तिची भित्तिका सेल्युलोज आणि पेक्टिनची असते, आणि ती ताणली जाऊ शकते. वेलाचा वाढता भाग रोज लांबत असतो. त्याला आधार देणारी ऊती सोबत लांबणारीच हवी. दृढ ऊतीच्या भित्तिकेत लिग्निन भरलं की पेशी ताणत नाही, बहुतेक वेळा मरते, आणि आधार कायमचा होतो. म्हणजे वाढणाऱ्या भागाला एक आधार, वाढ थांबलेल्या भागाला दुसरा.

हे नुसतं सांगण्यापेक्षा दाखवता येईल का? शेंड्याचा अगदी कोवळा तुकडा आणि मुळाजवळचा जून तुकडा शेजारी ठेवून पाहायला हवेत.

१३ जानेवारी, सोमवार

कोवळा आणि जून, दोन्ही छेद आज सारख्याच वेळेसाठी रंगवले.

जून खोडात लाल पट्टा रुंद आणि गडद. चौथ्या-पाचव्या पेरात मध्यम. शेंड्याजवळच्या तुकड्यात पट्टा दिसलाच नाही. त्या जागी पेशी आहेत, पण भित्तिका पातळ आणि फिकट. लाल दिसल्या त्या फक्त संवहनी पुलांतल्या जलवाहिन्यांच्या थोड्या कडा. कंगोऱ्यांखालची स्थूलकोन ऊती मात्र कोवळ्या तुकड्यातही ओळखता येत होती.

एका गटाने कोवळ्या छेदासाठी लिहिलं: ‘भोपळ्याच्या खोडात दृढ ऊती नसते.’ निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष खोडापुरता मोठा झाला. मी त्यांना वाक्य असं करायला लावलं: ‘शेंड्याजवळच्या कोवळ्या पेरात दृढ ऊतीच्या भित्तिकांत लिग्निन अजून भरलेलं नाही.’ स्थानाच्या रकान्यात यापुढे नुसतं ‘खोड’ चालणार नाही. कोणत्या वयाचा भाग आणि खोडात कुठे, हेही लिहायचं.

आता तो मोडलेला नियम. ‘खोडात जलवाहिनी आत, रसवाहिनी बाहेर’ हे मुलांना तोंडपाठ आहे, आणि बहुतेक खोडांत ते खरंही आहे. सूर्यफुलाच्या खोडात असंच दिसतं. भोपळ्याच्या संवहनी पुलात मात्र रसवाहिनी जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंना असते, बाहेर आणि आतही. त्यामुळे नुसत्या जागेवरून ओळखणारा इथे फसतो. ज्यांनी नियमावर विसंबून नावं लिहिली त्यांनी आतल्या रसवाहिनीला ‘जलवाहिनी’ म्हटलं. ज्यांनी पेशी पाहिल्या ते फसले नाहीत. जलवाहिनीची तोंडं मोठी, गोल, रिकामी, लाल काठाची; भोपळ्यात ती इतकी रुंद असतात की छेदावर साध्या भिंगानेही भोकं दिसतात. रसवाहिनीच्या पेशी लहान, पातळ भित्तिकांच्या, रंग न धरलेल्या. एका पातळ कापात ४०च्या वस्तुभिंगाखाली चाळणी पट्टीची बारीक छिद्रंही दिसली. ज्या मुलाला ती दिसली त्याने सगळ्या वर्गाला एकेक करून बोलावलं.

तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: स्थान पुरावा म्हणून वापरा, निकाल म्हणून नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

संक्रांतीची सुट्टी मधे गेली. आज पेरू.

सुरुवातीला वर्गाला विचारलं, पेरूचा गर कोणती ऊती? एकमुखाने उत्तर आलं, मूल ऊती. मऊ असतो, अन्न साठवतो, फळात असतो. तिन्ही कारणं बरोबर आहेत, फक्त अपुरी. मग सालीजवळचा गर खाऊन पाहायला सांगितला. दाताखाली कचकच लागते ती बियांची म्हणावी तर या भागात बी नाहीच.

हे कण वेगळे काढायला सोपे. सालीजवळचा चिमूटभर गर वॉच ग्लासमधल्या पाण्यात बोटांनी चोळायचा, वरचं गढूळ पाणी ओतून टाकायचं, पुन्हा पाणी घालायचं. दोन-तीन वेळा केलं की तळाशी पांढरट रवा उरतो. त्यातला थोडा काचपट्टीवर घेऊन सॅफ्रानिनचा थेंब टाकायचा, धुवायचा. आच्छादन काच ठेवताना दाबायची नाही, कण कडक असल्याने ती तडकते.

दिसलं ते असं: पेशींचे झुपके, रंग लालभडक. प्रत्येक पेशीची भित्तिका इतकी जाड की मधली पोकळी ठिपक्याएवढी उरलेली. त्या ठिपक्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत बारीक रेघा गेलेल्या, काही ठिकाणी फाटे फुटलेल्या. भित्तिका थराथराने जाड होत जाते तेव्हा शेजारच्या पेशीशी जोडणारे खळगे तसेच राहतात. त्यांच्याच या नळ्या. झुपक्याला चिकटून आलेल्या दोन-चार पेशी मोठ्या, पातळ, रंगहीन होत्या. ती खरी मूल ऊती. एकाच काचपट्टीवर दोन ऊती शेजारी-शेजारी, आणि दोघींचं स्थान एकच: पेरूचा गर.

कार्याच्या रकान्यावर अडलं. एका मुलाने ‘वनस्पतीला आधार देते’ असं पुस्तकातलं वाक्य लिहिलं आणि स्वतःच म्हणाला, “बाई, पण गराला आधार कशाला लागतो?” त्याचं म्हणणं मला पटलं. दृढ ऊतीत दोन तऱ्हेच्या पेशी येतात: लांब तंतू, जसे तागात किंवा नारळाच्या काथ्यात, आणि अशा आखूड, जाड पेशी, ज्या पेरूत किंवा अक्रोडाच्या कवचात सापडतात. तंतूंचं काम ताण सोसणं. आखूड पेशींमुळे तो भाग कडक होतो. पेरूच्या कणांपुढे आम्ही ‘भागाला कडकपणा आणतात’ एवढंच लिहिलं. जे रचनेवरून म्हणता येतं तेवढंच.

१८ जानेवारी, शनिवार

सकाळची शाळा. कोंबडीची तंगडी. ज्यांना मांसाला हात लावायचा नव्हता त्यांनी कायमस्वरूपी काचपट्ट्या पाहिल्या. कुणाला आग्रह केला नाही.

आधी पाय. नडगीच्या मागच्या बाजूने कातडी सोलली की पांढरे चकचकीत दोर दिसतात. चिमट्याने त्यातला एक ओढला आणि कोंबडीची बोटं मुठीसारखी मिटली. वर्गात एकदम ‘ओऽऽ’ झालं. प्रत्येकाला ओढायचं होतं, ओढू दिलं. तो दोर वरच्या बाजूला मांसात शिरतो आणि खालच्या बाजूला बोटाच्या हाडावर रुततो: स्नायूला हाडाशी जोडणारा स्नायूरज्जू. मग गुडघ्याचा सांधा उघडला. तिथेही पांढरे पट्टे आहेत, पण दोन्ही टोकं हाडांवर. हे अस्थिबंध. दिसायला दोन्ही पांढरे, दोन्ही चिवट, दोन्ही संयोजी ऊती. यांच्यात भेद करायला स्थानच कामाला येतं: दोन टोकांना काय आहे ते पाहा. हाडाच्या टोकावरचा निळसर, गुळगुळीत थर म्हणजे कास्थी. तिच्यात नख थोडं रुततं, हाडात रुतत नाही.

वेलाच्या वेळी स्थानाने फसवलं आणि इथे त्यानेच सोडवलं, हे मुलांच्या लक्षात आणून दिलं.

मग स्नायू. मांसाचा तांदळाएवढा तुकडा मिठाच्या सौम्य पाण्यात घेऊन दोन सुयांनी उभा उसवायचा, दोऱ्यासारखे तंतू सुटेपर्यंत. मिथिलीन ब्लूचा थेंब, आच्छादन काच. आडवे पट्टे पाहायला प्रकाश कमी करावा लागतो. पडदा पूर्ण उघडा ठेवला की तंतू सपाट निळे दिसतात आणि पट्टे हरवतात. प्रकाश कमी करून सूक्ष्म स्क्रू अगदी थोडा फिरवला की आडव्या रेघा उमटतात. तंतू लांब, फाटे नाहीत, केंद्रकं अनेक आणि कडेला.

हृदयाचे स्नायू आणि अपट्टकी स्नायू कायमस्वरूपी काचपट्ट्यांवर पाहिले. अपट्टकी पेशी दोन्ही टोकांना निमुळत्या, पट्टे नाहीत, मध्ये एक केंद्रक. हृदयाच्या पेशींना पट्टे आहेत, फाटे आहेत, केंद्रक साधारण एकच आणि मध्ये, आणि दोन पेशी जिथे जुळतात तिथे गडद आडवी रेघ.

इथे वर्गाचे दोन तट पडले. पट्टे आहेत म्हणून एक तट हृदयाला पट्टकी म्हणू लागला. हृदय आपल्या इच्छेने चालत नाही म्हणून दुसरा तट अपट्टकी. तो दुसरा तट कार्यावरून रचना ठरवत होता, ‘अनैच्छिक म्हणजे अपट्टकी’ असं समीकरण धरून. समीकरण जठराला आणि आतड्याला लागू पडतं, हृदयाला नाही. रचना आणि नियंत्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही स्वतंत्र लिहिल्या की हृदयाचे स्नायू तिसऱ्या गटात का ठेवतात हे आपोआप दिसतं: पट्टे आहेत, फाटे आहेत, आणि नियंत्रण अनैच्छिक.

२० जानेवारी, सोमवार

अभिस्तर ऊतीचं काम थोडक्यात उरकलं. गालाच्या आतून स्वच्छ, बोथट टूथपिकने खरवड घेतली, प्रत्येकाने स्वतःचीच. मिथिलीन ब्लू. चपट्या, वेड्यावाकड्या कडांच्या पेशी, मध्ये केंद्रक. नाव: पट्टकी अभिस्तर. एक पदर की अनेक, हे खरवडीवरून ठरवता येत नाही, कारण खरवडताना पदर मोडून फक्त वरच्या पेशी सुटून येतात. गालाचं अस्तर प्रत्यक्षात अनेक पदरी असतं. चाचणीत पदर विचारायचे तर उभ्या छेदाचं चित्र द्यायला हवं.

प्रश्नपत्रिकेचा आराखडा केला. १ गुणाचे चार वस्तुनिष्ठ प्रश्न आणि प्रत्येकी ४ गुणांचे चार नमुने. नमुन्याच्या प्रश्नात चित्र किंवा वर्णन द्यायचं आणि नाव, रचना, स्थान, कार्य विचारायचं. नियम दोन. रचनेत कार्य लिहिलं तर गुण नाही. स्थानात नुसतं अवयवाचं नाव लिहिलं तर अर्धा गुण: ‘जठर’ म्हटलं तर आतलं अस्तर स्तंभीय अभिस्तराचं आणि भित्तिका अपट्टकी स्नायूंची, मग कोणती ऊती सांगायची आहे ते कळत नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

चाचणी झाली. तिसऱ्या नमुन्यात मुद्दाम न पाहिलेला नमुना दिला होता: जलपर्णीच्या फुगीर देठाचा छेद. पातळ भित्तिका, पेशींच्या साखळ्या, साखळ्यांमध्ये मोठ्या मोकळ्या जागा. स्थान ‘पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतीचा देठ’. वायू ऊती हे नाव पुष्कळांना आठवलं नाही. त्यांतल्याच बऱ्याच जणांनी लिहिलं, ‘मूल ऊतीसारख्या पेशी, मध्ये हवेच्या पोकळ्या, त्यामुळे तरंगायला मदत’. वायू ऊती हा मूल ऊतीचाच प्रकार असल्याने त्यांना नावाचा अर्धा आणि बाकीचे तिन्ही गुण पूर्ण दिले.

२७ जानेवारी, सोमवार

उत्तरपत्रिका वाटल्या. रचनेचा रकाना कोरा सोडणारे आता मोजकेच आहेत. हृदयाच्या स्नायूंपुढे ‘अपट्टकी’ लिहिणारे मात्र अजूनही बरेच निघाले, आणि सगळ्यांचं कारण तेच: इच्छेने चालत नाही. त्यांच्यासाठी उद्या तिन्ही स्नायूंच्या काचपट्ट्या नावाची चिठ्ठी झाकून पुन्हा मांडणार आहे. आधी पट्टे, मग फाटे, मग केंद्रकं, एवढंच लिहायचं. नियंत्रणाचा प्रश्न मी तोवर विचारणार नाही.

प्रश्न २ मध्ये एक दुरुस्ती पुढच्या वर्षासाठी: ‘भोपळ्याच्या खोडाचा छेद’ याऐवजी ‘भोपळ्याच्या जून खोडाचा छेद’ असं छापायचं. दोन मुलांनी कोवळं खोड धरून उत्तर लिहिलं होतं आणि त्यांचं उत्तर त्या गृहीतावर बरोबर होतं. त्यांना पूर्ण गुण दिले.